प्रलंबित मुद्दे : निरंक

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या फायली ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना फाइलीतल्या शेवटच्या पानावर काय असते ते न बघताही सांगता येईल. वर संस्थेचे नाव, आर्थिक वर्ष, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. मग ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली दोन ओळी : हिशेब वास्तव व योग्य चित्र दाखवतात, दप्तर ठीक ठेवले आहे. त्याखाली ‘प्रलंबित मुद्दे’ आणि पुढे एकच शब्द, निरंक. तळाला काम करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि भागीदाराची अशा तीन सह्या. तिन्ही बहुधा एकाच दिवशीच्या, आणि कधीकधी एकाच पेनच्या.

हा समारोपाचा टिपणकागद फाइलीतला सर्वांत उपयोगी कागद असू शकतो. आपण मात्र त्याला फाइल बांधायची दोरी करून टाकले आहे. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या, निदान उलाढाल करणाऱ्या संस्थांच्या, लेखापरीक्षणात हे टिपण सक्तीचे करावे, आणि त्यातला ‘निरंक’ हा शब्द पुराव्याशिवाय लिहू देऊ नये. हे का म्हणतो ते कळायला मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीसारखे दुसरे उदाहरण नाही. तिथे डिझेल आहे, सरकारी परतावा आहे, सभासदांची उचल आहे, आणि दोन महिने दर्यात जाणेच बंद असते.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. सनदी लेखापाल ज्या मानकांनी बांधलेले आहेत त्यांतले ‘एसए २३०’ हे कागदपत्रांविषयीचे. त्याची कसोटी सोपी आहे : ज्याचा या कामाशी पूर्वी काही संबंध नव्हता अशा अनुभवी लेखापरीक्षकाने नुसती फाइल वाचून काय तपासले, काय सापडले आणि निष्कर्ष कसा काढला हे समजून घेता आले पाहिजे. कुणी काम केले व कधी, कुणी तपासले, कधी आणि कितपत, हेही नोंदवायचे असते. समारोपाच्या टिपणाबद्दल मात्र हे मानक फक्त एवढेच सुचवते की लेखापरीक्षकाला असे टिपण करणे उपयुक्त वाटू शकेल. अमेरिकेत एन्रॉनच्या प्रकरणानंतर, २००४ साली, तिथल्या लेखापरीक्षण नियामकाने असे टिपण सक्तीचे केले. सगळे महत्त्वाचे मुद्दे एका कागदावर आलेच पाहिजेत, नाहीतर निदान ते कुठे आहेत याचा नेमका दाखला तरी दिला पाहिजे. आपल्याकडे ‘उपयुक्त वाटू शकेल’ याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की साचा तयार असतो आणि संस्थेचे नाव तेवढे बदलते.

आता उदाहरण. संस्था कल्पित आहे, आकडेही माझेच. पण मालवण ते वेंगुर्ले पट्ट्यातल्या कुठल्याही सेक्रेटरीला ते अनोळखी वाटणार नाहीत. यांत्रिक नौकांच्या मालकांची सोसायटी, स्वतःचा डिझेल पंप, बर्फाची थोडी विक्री, सभासदांना जाळी-इंजिनासाठी उचल. वर्षाची उलाढाल चार कोटींच्या आसपास, ताळेबंदात नफा ३,६०,०००. लेखापरीक्षकाने उलाढालीच्या एक टक्का, म्हणजे चार लाख, ही महत्त्वाच्या चुकीची मर्यादा धरली आहे. या आकड्याच्या आतली चूक एकटी असेल तर वाचकाची दिशाभूल करणार नाही, असा त्याचा अंदाज.

पहिला मुद्दा डिझेलचा. ३१ मार्चला हंगाम भरात असतो आणि टाकी हलती असते. त्या दिवशी डीप घेतली तरी दोन तासांत आकडा बदलतो, आणि त्या दिवशी लेखापरीक्षक हजर नसेल तर मोजमाप संस्थेच्या शब्दावरच घ्यावे लागते. पण या किनाऱ्याला एक सोय आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, पंपावर विक्री जवळजवळ शून्य, टाकी स्थिर. म्हणून जूनमध्ये डीप घ्यायची आणि तिथून मागे मार्चपर्यंत चालत जायचे. आपल्या संस्थेत ३१ मार्चचा पुस्तकी साठा ६,४०० लिटर. एप्रिल-मेमध्ये बारा हजार लिटरचे तीन टँकर आले, म्हणजे ३६,००० लिटर. त्याच काळातली बिलांवरची विक्री ३७,७५० लिटर. टाकीत असायला हवे ४,६५० लिटर. १२ जूनला डीप घेतली तर ४,२३०. फरक ४२० लिटरचा; ९२ रुपये दराने ३८,६४० रुपये.

सेक्रेटरी म्हणतात, ‘‘साहेब, घट आसता थोडी.’’ असतेही. पण किती? डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही. दोन महिन्यांत हाताळलेल्या मालाच्या एक टक्का घट म्हणजे पंपाचे मीटर जास्त सोडते, नाहीतर टाकीचा मापतक्ता चुकीचा आहे, नाहीतर काही डिझेल बिलाविना गेले. मीटरचे वैधमापन प्रमाणपत्र बघितले, पाच लिटरच्या मापाने तपासणी केली, तर पहिली शंका अर्ध्या तासात मिटते. इथे एक गोष्ट नवख्या आर्टिकलला सुचत नाही : अशा संस्थेत टाकीत कमी भरण्यापेक्षा जास्त भरणे अधिक गंभीर. कमी भरले तर माल गळला किंवा गेला. जास्त भरले तर बिल फाटले, पण डिझेल दिलेच नाही. आणि ज्या बिलांवर सरकारकडून मूल्यवर्धित कराचा परतावा मागितला जातो, त्या बिलांबाबत हे घडले तर मामला घटीचा राहत नाही. आपल्या उदाहरणात कमी भरले आहे. आर्टिकलने आपल्या कार्यपत्रकावर लिहिले : ‘फरक ३८,६४०, मर्यादेच्या आत, पुढे कार्यवाही नको.’

दुसरा मुद्दा परताव्याचाच. परतावा येईपर्यंत महिने जातात, म्हणून संस्थेने सभासदांना त्यापोटी आगाऊ रक्कम दिली आणि ती ‘येणे’ म्हणून दाखवली. त्यातल्या काही नौकांचे दावे परवाना नूतनीकरणाच्या तारखेत अडकून परत आले आहेत. त्यांच्यापोटी दिलेली रक्कम २,८५,०००. ती येईल का? मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारणारे पत्र गेले, उत्तर सही करायच्या दिवसापर्यंत आले नाही. दुसऱ्या सहायकाने तरतूद सुचवली, संचालक मंडळाने नाकारली. ‘‘माणसा आपलीच आसत, खंय जातली?’’ त्यानेही लिहिले : ‘मर्यादेच्या आत.’

तिसरा मुद्दा जुना आणि कंटाळवाणा, म्हणून त्यावर फार थांबत नाही. थकीत कर्जावरचे १,१०,००० रुपयांचे व्याज उत्पन्नात धरले, त्यापोटी थकीत व्याजाची तरतूद केली नाही. तिसऱ्या माणसाने तिसऱ्या कागदावर लिहिले : ‘मर्यादेच्या आत.’

तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. आता बेरीज करा. ३८,६४० अधिक २,८५,००० अधिक १,१०,००० म्हणजे ४,३३,६४०. चार लाखांची मर्यादा ओलांडली. तिन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत, एक दुसरीला कापत नाही. आणि मर्यादेचे जाऊ द्या, ३,६०,००० नफ्यातून ही रक्कम वजा केली की ७३,६४० रुपयांचा तोटा उरतो. सभासदांना लाभांश वाटायचा ठराव ज्या नफ्यावर होणार आहे, तो नफाच नाही. चुकीचे महत्त्व नुसत्या आकारावरून ठरवता येत नाही, हे मानकांमध्ये आहे; नफ्याचा तोटा करणारी चूक लहान असली तरी महत्त्वाचीच. पण ते लक्षात येण्यासाठी आधी तीन रकमा एका कागदावर याव्या लागतात. ही बेरीज होण्याची हक्काची जागा समारोपाच्या टिपणात आहे. तिथे ‘न सुधारलेल्या चुका’ असा तक्ता नसेल आणि फक्त ‘निरंक’ असेल, तर तीन प्रामाणिक माणसांनी मिळून एक खोटा ताळेबंद पास केलेला असतो, आणि कुणीही खोटे लिहिलेले नसते.

म्हणून ‘प्रलंबित’ या रकान्याबद्दल जरा नेमके बोलायला हवे. अहवालावर सही होताना मुद्दा तीनच अवस्थांत असू शकतो. पुरावा मिळाला आणि मुद्दा मिटला. चूक मापली, संस्थेने सुधारली नाही, पण सगळ्यांची बेरीज धरूनही ती महत्त्वाची नाही, म्हणून कारणासह सोडून दिली. किंवा चूक मोठी आहे, नाहीतर पुरावाच मिळाला नाही आणि न मिळण्याचा परिणाम मोठा आहे. तेव्हा अहवालातले मत सशर्त करावे लागते, फारच बिकट असेल तर प्रतिकूल मत द्यावे किंवा मत नाकारावे लागते. ‘उत्तर आल्यावर बघू’ अशी चौथी अवस्था नाही. उत्तर आल्यावर बघायचे असेल तर सहीसुद्धा उत्तर आल्यावरच करायची. आमच्याकडच्या बऱ्याच फायली या चौथ्या, अस्तित्वात नसलेल्या अवस्थेत सही होऊन जातात, आणि ते झाकण्यासाठीच निरंक लिहिले जाते.

यावर सहकार खात्यात काम केलेला माणूस लगेच म्हणेल, चौथी अवस्था आमच्या कायद्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ८२ : लेखापरीक्षण अहवालातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल संस्थेने तीन महिन्यांत द्यायचा, ‘ओ’ नमुन्यात, आणि तो सर्वसाधारण सभेपुढेही ठेवायचा. ही खरोखर चांगली तरतूद आहे. कंपनी कायद्याखालच्या लेखापरीक्षणात अशी सर्वसाधारण व्यवस्था नाही. पण ती फक्त अहवालात छापलेल्या दोषांना लागू होते. जे मुद्दे लेखापरीक्षकाने लहान म्हणून अहवालाबाहेर ठेवले, ते दोष दुरुस्तीतही येत नाहीत. आपल्या उदाहरणातले ४२० लिटर अहवालात नसतील तर पुढच्या वर्षी ते कुणाच्याच डोक्यात नसतील. पुढच्या जूनमध्ये पुन्हा चारशे लिटर कमी भरले तर ती योगायोगाची घट आहे की वर्षानुवर्षांची गळती, हे सांगायला मागचा आकडा लागतो.

आणि मागचा आकडा दुसऱ्याच्या कपाटात असतो. २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्था आपला लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतून सर्वसाधारण सभेत स्वतः नेमते. पूर्वी खात्याचा माणूस यायचा. त्याच्या कामाबद्दल तक्रारी होत्याच, पण त्याची फाइल खात्यात राहायची आणि पुढच्याला मिळायची. आता कार्यपत्रके लेखापरीक्षकाच्या मालकीची. सात वर्षे जपायची त्याची जबाबदारी आहे, नव्या लेखापरीक्षकाला दाखवायची नाही. लेखापरीक्षक बदलला की संस्थेची आठवण पुसली जाते. ज्या सेक्रेटरीला ही आठवण नको असते, तो लेखापरीक्षक बदलायचे कारण शोधतोच. म्हणून माझी दुसरी मागणी अशी की समारोपाच्या टिपणातला ‘न सुधारलेल्या चुका आणि पुढे लक्ष ठेवण्याचे मुद्दे’ एवढा भाग, कार्यपत्रके नव्हेत, निबंधकाकडे द्यावा आणि नव्या लेखापरीक्षकाने काम सुरू करण्यापूर्वी तो वाचल्याची नोंद करावी.

आता सह्यांकडे येतो. तपासणाऱ्याची सही म्हणजे काय? मानक विचारते ते त्याने काय वाचले आणि केव्हा. आपल्याकडे सही असते, ‘काय’ नसते. फाइलीच्या प्रत्येक पानावर एकाच वळणाची आद्याक्षरे बघितली की मला उलट शंका येते. दीडशे पाने खरोखर तपासणारा माणूस सगळ्यांवर सारखाच वेळ घालवत नाही. तो टाकीच्या डीपच्या कागदावर प्रश्न लिहितो, ‘मीटरची तपासणी झाली का?’ आणि चहाच्या व्हाऊचरवर नुसती टिक करतो. तपासणी झाली की नाही हे सहीवरून कळत नाही. तपासणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांवरून आणि त्यांच्या उत्तरांच्या तारखांवरून कळते. टिपणावर ‘मी परताव्याचा मुद्दा, बेरजेचा तक्ता आणि बँक ताळमेळ वाचला, सभासद खतावणी नमुन्यादाखल पाहिली’ असे लिहून सही केली तर ती सही काहीतरी सांगते, आणि चुकल्यास कुणाला जाब विचारायचा तेही सांगते. नेमके म्हणूनच कुणी तसे लिहीत नाही.

कुडाळ-कणकवलीसारख्या ठिकाणी एकटाच सनदी लेखापाल आणि दोन आर्टिकल एवढाच कारभार असतो. तिथे काम करणारा, तपासणारा आणि सही करणारा एकच माणूस आहे हे मान्य करावे आणि टिपणावर तसे लिहावे. तीन रकाने आहेत म्हणून तीन माणसे उभी करू नयेत. दुसरी नजर हवीच असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या सहव्यावसायिकाला बेरजेचा तक्ता तेवढा दाखवता येतो, गोपनीयतेची संमती घेऊन.

तारखांचा क्रम हाही पुरावा असतो. काम, मग तपासणी, मग संस्थेचे लेखी निवेदन, मग अहवाल. तपासणीची तारीख अहवालानंतरची निघाली तर तपासणी झालीच नव्हती असे समजावे. १ जुलै २०१९ पासून अशा सगळ्या अहवालांवर यूडीआयएन क्रमांक घालावा लागतो आणि तो इन्स्टिट्यूटच्या यंत्रणेत तारखेसह तयार होतो, त्यामुळे निदान अहवालाची तारीख मागे नेणे अवघड झाले. फाइल जुळवायला मात्र अहवालानंतर साठ दिवस मिळतात. ते दिवस कागद लावण्यासाठी, जुने मसुदे काढण्यासाठी, आधीच झालेल्या कामाची नोंद पुरी करण्यासाठी आहेत. नवा पुरावा निर्माण करण्यासाठी नाहीत. २०१६ मध्ये डेलॉइटच्या ब्राझीलमधल्या शाखेला अमेरिकी नियामकाने ८० लाख डॉलरचा दंड केला, त्यात तपासणीआधी कार्यपत्रके बदलल्याचा ठपका होता. मोठ्या संस्थांना असा मोह होतो, तर सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभेच्या तारखेमागे धावणाऱ्या आमच्या तालुक्याच्या ऑफिसांना होणार नाही असे कुणी समजू नये. अमेरिकेत हा कालावधी पंचेचाळीस दिवसांवरून चौदावर आणला जात आहे. आपणही साठावरून खाली यायला हरकत नाही.

मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या त्या न आलेल्या पत्राकडे पुन्हा एकदा वळतो, कारण खरी गोम तिथेच आहे. ते पत्र कुणी पाठवले? लेखापरीक्षकाने मसुदा करून सेक्रेटरीच्या हाती दिला आणि ‘‘तुम्ही तिकडे जाणारच आहात, देऊन या’’ असे सांगितले असेल, तर उत्तर आले तरी त्याची किंमत अर्धी. सत्यमच्या प्रकरणात अमेरिकी नियामकाने २०११ साली प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांना दंड केला. त्यातला मुख्य दोष हाच होता : बँक शिल्लक पडताळण्याची पत्रे लेखापरीक्षकाच्या ताब्यात राहिली नाहीत, ती कंपनीमार्फत गेली-आली. २००९ च्या जानेवारीत कंपनीच्या अध्यक्षाने कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख-बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. फाइलीत पडताळणीची पत्रे होती, आणि त्यांवर मत देणाऱ्यांच्या सह्याही होत्या. म्हणून टिपणात ‘पडताळणी मिळाली’ एवढे लिहून भागत नाही. कुणी पाठवली, कुठल्या मार्गाने परत आली, हे एका ओळीत आले पाहिजे. पत्र आले नसेल तर पर्यायी तपासणी कोणती केली हेही : परत आलेल्या दाव्यांची यादी कार्यालयात जाऊन बघितली का, त्या नौकांचे परवाने नूतनीकरण झाले का, त्या सभासदांच्या मासळीच्या विक्रीतून उचल कापली जाते का. आपल्या उदाहरणात हे शेवटचे बघितले असते तर बराच उलगडा झाला असता. मासळी लिलावातून कपात चालू असेल तर २,८५,००० पैकी काही भाग वसूल होत आहे आणि तरतूद तेवढ्याने कमी होते. मग बेरीज चार लाखांखाली येईलही, नफ्याचा तोटाही कदाचित होणार नाही. पण ते पुराव्याने व्हायला हवे, ‘माणसे आपलीच’ म्हणून नव्हे.

माझ्या मागणीवर एक आक्षेप वजनदार आहे. प्रलंबित मुद्दे लिहून ठेवले की ते उद्या फिर्यादीत वापरले जातील. अफरातफर दिसली तर निबंधकाला विशेष अहवाल देण्याची जबाबदारी लेखापरीक्षकावर आहेच. मग ४२० लिटर लिहून ठेवले आणि अहवाल दिला नाही, तर ‘माहीत असून गप्प बसला’ असे म्हणायला वकील मोकळा. ही भीती खरी आहे आणि ‘निरंक’ लिहिण्यामागचे सर्वांत मोठे कारणही तेच. पण वकिलाला ४२० लिटर डीपच्या कार्यपत्रकातही सापडतातच. समारोपात ते नसले तर प्रश्न अधिक वाईट होतो : दिसले होते, मग मोजले का नाही? उलट ‘फरक इतका, तपासणी ही केली, मीटर बरोबर निघाला, बिलाविना विक्रीचा पुरावा मिळाला नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा डीप घ्यावी’ असे लिहिले तर त्यात संशय नाही, केलेल्या कामाचा हिशेब आहे. संशय लिहू नये, निरीक्षण लिहावे, हा भेद मात्र आर्टिकलना कुणीतरी शिकवायला हवा. परीक्षेत तो विचारला जात नाही.

दुसरा आक्षेप फीचा. छोट्या संस्थेच्या लेखापरीक्षणाची फी एवढी तुटपुंजी की जादा कागद कोण लिहिणार? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. किर्दीतल्या प्रत्येक व्हाऊचरवर टिक करण्यात चार दिवस घालवणारी ऑफिसे बेरजेच्या तक्त्याला एक दुपार देऊ शकत नाहीत, हे खरे नाही. व्हाऊचरांना चार दिवसांऐवजी तीन दिवस दिले, नमुना नीट निवडला, तर ती दुपार निघते. जूनमध्ये मालवणला येऊन टाकीची डीप घ्यायला एक दिवस लागतो, आणि तो सप्टेंबरात घालता येत नाही. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर नौका परत दर्यात जातात, टाकीत टँकर उतरू लागतात, आणि मागे चालत जायची वाट रोज लांबत जाते. सर्वसाधारण सभेच्या आदल्या आठवड्यात फाइल उघडणाऱ्याला या मुद्द्यावर लिहिण्यासारखे काही उरलेलेच नसते.